कावळ्याने मान वळवली, त्याची पाच चित्रं

कुंपणाच्या भिंतीवर बसलेला कावळा डावीकडे बघत असतो आणि पुढच्या क्षणी उजवीकडे. मधलं काही आपल्याला दिसतच नाही, इतक्या झटक्यात तो मान फिरवतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे एखादी गोष्ट नीट न्याहाळायची तर त्याला एक डोळा तिच्याकडे करावा लागतो. समोर तोंड करून थांबण्याचं त्याला कारणच नसतं. हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन शिकायला मला ही हालचाल चेंडूच्या उसळीपेक्षा चांगली वाटते. दीड सेकंदाचा मामला, त्यात चित्रं फक्त पाच. पण ती पाच चित्रं ड्रॉइंग टॅब्लेटवर काढायची तर सॉफ्टवेअरमधल्या तीन गोष्टी आधी नीट लावून घ्याव्या लागतात: टाइमलाइन, ओनियन स्किन आणि ब्रश.

इथे मी क्रिता हे सॉफ्टवेअर धरून लिहितो आहे. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि २०१६ सालापासून त्यात अ‍ॅनिमेशनची सोय आहे. दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना बटणं वेगळ्या जागी सापडतील, पण कामाचा क्रम तोच राहील.

पडद्यावर पेन टेकवण्याआधी एक तपासणी करून घ्यावी. ज्या टॅब्लेटला स्वतःचा पडदा नसतो, म्हणजे चित्र कॉम्प्युटरवर आणि हात टेबलावर, अशा टॅब्लेटच्या पाटीचा आकार आणि मॉनिटरचा आकार पुष्कळदा जुळत नाही. पाटी १६:१० आणि पडदा १६:९ असला की काढलेला गोल किंचित चेपलेला उमटतो. हा फरक इतका बारीक असतो की आपण तो सॉफ्टवेअरवर नव्हे, आपल्या हातावर ढकलतो. घरातली एक बांगडी पाटीवर ठेवा आणि तिच्या कडेने आतून पेन फिरवा. पडद्यावर गोल आला तर ठीक. लंबगोल आला तर टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन पाटीचं प्रमाण पडद्याशी जुळवून ठेवण्याचा पर्याय चालू करा. वॅकॉमच्या ड्रायव्हरमध्ये तो Force Proportions या नावाने आहे. पाटीचा थोडा भाग वाया जातो, जाऊ द्या. विंडोजवर पेनचा दाब समजतच नसेल आणि रेघ सगळीकडे एकाच जाडीची येत असेल, तर क्रिताच्या Configure Krita मधल्या Tablet Settings मध्ये विंटॅब आणि विंडोज इंक यांपैकी जो पर्याय निवडलेला नाही तो निवडून क्रिता बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आता नवी फाइल. १९२० बाय १०८० पिक्सेल पुरे. क्रिता अ‍ॅनिमेशनच्या सगळ्या फ्रेम मेमरीत ठेवतं, आणि या मापाची एक पूर्ण रंगवलेली फ्रेम साधारण आठ एमबी जागा खाते. आपल्या कावळ्याला त्याने काही होणार नाही, पण हौसेने फोर-के निवडलं की हाच आकडा चौपट होतो आणि आठ जीबीच्या लॅपटॉपवर शे-दोनशे चित्रांचं काम रडतखडत चालतं. सरावासाठी १२८० बाय ७२० घेतलं तरी कुणाची हरकत नाही.

वर्कस्पेसच्या यादीतून Animation निवडलं की खाली टाइमलाइन येते. डावीकडे लेयरची नावं आणि उजवीकडे चौकोनांच्या रांगा. प्रत्येक चौकोन म्हणजे एक फ्रेम. फ्रेमचा वेग सेकंदाला २४ असतो, तो तसाच ठेवा. याचा अर्थ सेकंदाला २४ चित्रं काढायची असा नाही. एकच चित्र दोन फ्रेम टिकवलं तर सेकंदाला १२ चित्रांत काम होतं, आणि हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनचा मोठा भाग असाच केलेला असतो.

आपल्याला ३६ फ्रेम हव्यात, दीड सेकंद. टाइमलाइनच्या कोपऱ्यातल्या मेनूत Clip Start आणि Clip End असे दोन आकडे असतात. क्रिता शून्यापासून मोजतं, म्हणून शेवट ३५ वर. इथे ३६ टाकलं की एक फ्रेम जास्तीची येते. एकदाच बघताना ती कळत नाही, पण तीच क्लिप लूपमध्ये फिरवली की सांध्यावर चित्र अडखळल्यासारखं वाटतं.

मग लेयर. तळाला पांढरी पार्श्वभूमी, तिच्यावर कावळ्याचं धड आणि भिंत असा एक लेयर, आणि सर्वांत वर फक्त डोकं आणि मान यांचा लेयर. धड हलणार नाही, म्हणून त्याला फ्रेम देऊच नका. क्रितात ज्या लेयरवर फ्रेम नसते त्याचं चित्र सगळ्या क्लिपभर तसंच दिसतं. धड पाच वेळा काढायला गेलात तर पाचही वेळा रेघ केसभर इकडेतिकडे होईल आणि कावळा मान वळवताना सर्वांगाने थरथरेल. काही दिग्दर्शक मुद्दाम अशी थरथर ठेवतात. आपल्याला ती नको आहे.

डोक्याच्या लेयरवर फ्रेम शून्यच्या चौकोनावर उजवी क्लिक करून Create Blank Frame निवडा. इथपासून हा लेयर हलता झाला. कावळा डावीकडे बघतो आहे, हे पहिलं चित्र. मग थेट १८ व्या फ्रेमवर जा, तिथे पुन्हा कोरी फ्रेम करा आणि उजवीकडे बघणारं डोकं काढा. या दोन मुख्य चित्रांना अ‍ॅनिमेटर ‘की’ म्हणतात. मधे सतरा चौकोन रिकामे दिसतील, पण पडद्यावर ते रिकामे नसतात: नवी फ्रेम येईपर्यंत आधीचं चित्रच चालू राहतं. म्हणजे चित्र किती वेळ दिसावं यासाठी ते ताणावं लागत नाही, पुढचं चित्र कुठे ठेवलं यावर ते ठरतं.

नवशिक्याची पहिली फजिती नेमकी याच सोयीतून होते. तो १४ व्या चौकोनावर जातो, तिथे नवी फ्रेम करायला विसरतो आणि थेट काढायला लागतो. प्रत्यक्षात तो शून्य क्रमांकाच्या चित्रावरच काढत असतो, कारण १४ व्या जागी तेच चित्र टिकून आहे. पाच मिनिटांनी मागे गेल्यावर कळतं की पहिल्या कावळ्याला दोन डोकी फुटली आहेत. यावर उपाय म्हणून क्रितात आपोआप फ्रेम तयार करणारी सोय आहे. ती चालू असली की पेन टेकवताच त्या जागी नवी फ्रेम होते. ती सोय मी बंद ठेवायला सांगेन. कारण उलट बाजूची फजितीही आहे: पाचव्या फ्रेमवर उभं राहून पहिल्या चित्रातल्या चोचीची छोटी दुरुस्ती करायला जावं, तर तिथे कोरी फ्रेम तयार होते, बाकीचं डोकं नाहीसं होतं आणि फक्त ती दुरुस्तीची रेघ उरते. आधी जागा ठरवायची, मग फ्रेम करायची, मग काढायचं, ही सवय लागलेली बरी.

आता ओनियन स्किन. टाइमलाइनमध्ये लेयरच्या नावाशेजारी छोटा दिवा असतो, तो लावला की चालू चित्राच्या मागे आधीचं आणि नंतरचं चित्र फिकट दिसू लागतं. कागदाच्या काळात हेच काम काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर होई. कागदांना खालच्या बाजूला भोकं पाडलेली असत, ती टेबलावरच्या खुंट्यांत अडकवली की सगळे कागद नेमके एकावर एक बसत. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ साली डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स शिकवायला आले, राम मोहन वगैरे मंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली, ती अशाच टेबलांवर. त्या टेबलाची एक मर्यादा होती: खालचे सगळे कागद एकाच रंगात दिसत, तीन-चार कागदांनंतर सगळं धूसर होऊन जाई. क्रितात मागचं चित्र लाल आणि पुढचं हिरवं दिसतं, त्यामुळे कुठून आलो आणि कुठे जायचंय याचा घोळ होत नाही.

दिवा लावूनही काहीच दिसलं नाही, तर बहुधा एकच कारण असतं: तुम्ही पांढऱ्या रंगाने भरलेल्या लेयरवर काढता आहात. ओनियन स्किन चित्राच्या पारदर्शक भागातून दिसते. लेयर अपारदर्शक असला की तिला डोकं वर काढायला जागाच नाही. याच कारणाने डोक्यात काळा रंग भरायचा असेल तर तो रेघांच्या लेयरवर भरू नका, त्याच्या खाली वेगळा लेयर करून त्यावर भरा.

Onion Skins नावाच्या पॅनेलमध्ये मधोमध शून्य आणि दोन्ही बाजूंना आकडे असतात, प्रत्येकावर उभा स्लायडर. शून्य म्हणजे चालू चित्र, डावीकडे मागची, उजवीकडे पुढची. स्लायडर वर केला की ते चित्र ठळक दिसतं, आकड्यावर टिचकी मारली की ते नाहीसं होतं. क्रिता इथे चौकोन मोजत नाही, चित्रं मोजतं. पहिलं चित्र बारा फ्रेम टिकलेलं असलं तरी ते ‘एक मागे’ एवढंच. सगळे स्लायडर उघडे ठेवण्याचा मोह होतो, आणि दहा चित्रांचं ते रंगीत जाळं दिसतंही छान. पण त्यात नेमकी कुठली रेघ आपली, हेच शोधावं लागतं. एक मागचं आणि एक पुढचं, दोन्हींचा ठळकपणा तीसेक टक्के, बाकी सगळं बंद. मधलं चित्र काढायला याहून जास्त लागत नाही.

पाच चित्रांचा क्रम आता असा. शून्य आणि १८ झाली. तिसरं काढायचं ते १४ व्या फ्रेमवर, कावळा मधोमध असतानाचं. तिथे लाल डोकं डावीकडे, हिरवं उजवीकडे. आणि इथेच ओनियन स्किन माणसाला फसवते. दोन रेघा समोर दिसत असल्या की हात आपोआप त्यांच्या बरोबर मधून रेघ ओढतो. डाव्या चोचीचं टोक आणि उजव्या चोचीचं टोक यांचा मध्य काढला तर चोच डोक्यात घुसते, कवटी चपटी होते आणि कावळा मान वळवण्याऐवजी आक्रसून पुन्हा फुलल्यासारखा दिसतो. डोकं गोल आहे, ते फिरतंय. मधल्या क्षणी चोच आपल्याकडे रोखलेली असणार, म्हणजे ती आखूड आणि रुंद दिसणार. कवटीचा आकार मात्र दोन्ही बाजूंच्या चित्रांइतकाच राहणार. शिवाय मान वळवताना डोकं किंचित खाली जातं, म्हणून हे चित्र दोन्ही बाजूंच्या रेषेच्या थोडं खाली घ्या. डोळे मिटलेले ठेवले तर आणखी बरं. अर्ध्या क्षणासाठी डोळे मिटले की प्रेक्षकाला हालचाल आपसूक पटते.

उरली दोन. चौथं १२ व्या फ्रेमवर: तिथे गेलं की लाल म्हणजे पहिलं चित्र, हिरवं म्हणजे आत्ताच काढलेलं मधलं. हे चित्र लाल डोक्याच्या अगदी जवळ ठेवा, मान नुकती सुटली आहे इतपत. पाचवं १६ व्या फ्रेमवर: इथे लाल मधलं आणि हिरवं शेवटचं, आणि आपलं चित्र हिरव्याला जवळजवळ चिकटून. बघताना पहिलं चित्र बारा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद दिसतं, मग तीन चित्रं दोन-दोन फ्रेमची, आणि शेवटचं अठरा फ्रेम. वळण सगळं मिळून सहा फ्रेमचं, पाव सेकंदाचं. इथे कुणी नेटाने मधे आणखी चार चित्रं घातली आणि ती प्रत्येकी दोन फ्रेम टिकवली, तर चित्रं सुंदर येतील, पण मान घुबडाची होईल.

अंतरं बरोबर पडली का, हे बघायची एक साधी युक्ती आहे. सर्वांत वर एक नवा लेयर घ्या, त्याला फ्रेम देऊ नका. आता एकेका चित्रावर जाऊन चोचीच्या टोकाला त्या लेयरवर एक ठिपका द्या. पाच ठिपके झाले की त्यांच्याकडे नुसतं पाहा. खाली झुकलेली एक कमान दिसली पाहिजे, पहिले दोन ठिपके जवळजवळ, शेवटचे दोन जवळजवळ आणि मधला दोन्हींपासून लांब. एखादा ठिपका कमानीबाहेर पडला असेल तर तेच चित्र झटका देणार, आणि ते कुठे हलवायचं तेही ठिपकाच सांगतो. ठिपके सारख्या अंतरावर पडले तर मान पंख्यासारखी एका वेगाने फिरेल. बघून झाल्यावर हा लेयर लपवून ठेवा.

ब्रशबद्दल सगळ्यांत जास्त बोललं जातं आणि सगळ्यांत कमी बदललं जातं. चित्रकाराला एकाच चित्रात रेघ जाड-बारीक झालेली हवी असते, त्यात जीव असतो. अ‍ॅनिमेशनमध्ये तीच रेघ पुढच्या चित्रात वेगळ्या जागी जाड होते, आणि चोच न हलताही धडधडू लागते. म्हणून ब्रशला दाब कळू द्यायचा, पण थोडाच. कच्च्या चित्रांना कुठलीही पेन्सिल चालेल, निळ्या रंगाची असली तर उत्तम, कारण लाल-हिरव्या छायांमध्ये ती वेगळी उठून दिसते. पक्क्या रेघेसाठी क्रितातला Basic-5 Size हा ब्रश घ्या, आकार सहा पिक्सेल. F5 दाबलं की ब्रशची अंतरंगं उघडतात. तिथे Size मध्ये दाबाचा आलेख असतो, डावीकडे खालून उजवीकडे वर जाणारा. त्याचं डावं टोक निम्म्यापर्यंत वर उचला. आता अगदी हलक्या हाताने रेघ तीन पिक्सेलची येते आणि जोर दिला तरी सहाच्या वर जात नाही. Opacity ला दाब जोडलेला असेल तर तो काढून टाका. रेघ मधेच फिकट झाली तर तिच्यात आणि मागच्या चित्राच्या छायेत फरक करता येत नाही, आणि पुढे रंग भरताना तो त्या फिकट जागेतून बाहेर सांडतो.

खरखरीत पोताचे पेन्सिल ब्रश पक्क्या रेघेला मी टाळतो. स्थिर चित्रात ते कागदाचा भास देतात. पण प्रत्येक चित्रात पोताचे कण नव्या जागी पडतात, आणि क्लिप चालवली की रेघांमध्ये मुंग्या चालल्यासारख्या दिसतात.

हात थरथरतो म्हणून स्टॅबिलायझर पूर्ण ताणून ठेवणारेही पुष्कळ आहेत. तो रेघ गुळगुळीत करतो खरा, पण वळणं कापून. कावळ्याच्या चोचीचं टोक गोलसर आणि पोपटाच्या वळणाचं येऊ लागलं की समजावं, स्टॅबिलायझर जास्त झाला आहे. Tool Options मध्ये Brush Smoothing आहे. कच्च्या कामाला Basic, पक्क्याला Weighted आणि त्याचं अंतर मध्यम. हात स्थिर करायचा असेल तर मनगट टेकवून बोटांनी ओढण्याऐवजी कोपरातून रेघ ओढून पाहावी. आणि पाचही चित्रं झूमच्या एकाच टक्केवारीवर काढावीत. एक चित्र पन्नास टक्क्यांवर आणि दुसरं दोनशेवर काढलं की रेघेची जाडी तीच राहते, पण हाताची चाल बदलते, आणि एक डोकं मोकळं तर दुसरं कोरून काढल्यासारखं दिसतं.

आता क्लिप चालवायची. पहिल्या फेरीत क्रिता फ्रेम मेमरीत भरून घेत असतं, त्यामुळे गती अडखळते. ती फेरी बघून वेळ ठरवू नका, दुसरी-तिसरी पाहा. चालवताना लाल-हिरव्या छाया दिसत नाहीत, व्हिडिओतही उतरत नाहीत, त्याची काळजी नको. पण त्याआधी ओनियन स्किनचा दिवा बंद करून कीबोर्डवरच्या डाव्या-उजव्या बाणांनी फ्रेम मागे-पुढे करून बघा. कागदवाले अ‍ॅनिमेटर बोटांच्या बेचक्यांत कागद धरून ते फडफडवत, तसंच हे. छाया चालू असताना चित्रं एकमेकांशी जुळलेली वाटतात, कारण आपण ती एकमेकांवर पाहून काढलेली असतात. छाया गेल्या की डोक्याचा आकार एका चित्रात सुपारीएवढा फुगला आहे हे लगेच दिसतं.

दुरुस्त्या झाल्या की File मधून Render Animation. थेट एमपी-फोर निघतो, पण मी आधी एकेका फ्रेमची वेगळी पीएनजी काढून घेतो. व्हिडिओ करताना मधेच काही बिघडलं तर चित्रं शाबूत राहतात, आणि एखादीच फ्रेम बदलायची झाली तर तेवढीच पुन्हा काढता येते.

कावळा नीट वळला की त्याच फाइलमध्ये १८ वी फ्रेम १९ वर सरकवून आणि १६ व्या चित्राला एक फ्रेम जास्त देऊन बघा, म्हणजे एक चोविसांश सेकंदाचा फरक. चित्रं तीच, एकही रेघ बदललेली नाही, तरी हा दुसरा कावळा थोडा संशयी वाटतो.